सोबत पोटली फ्री

स्वीटीला कॅप्शन लिहिता येतं, हे देवळीत आधी तिच्या मैत्रिणींना कळलं, मग आईला, आणि सगळ्यात शेवटी बाबांना. बाबांना तर कॅप्शन म्हणजे नेमकं काय, हे अजूनही पटलं नव्हतं. किराणा दुकानाच्या काउंटरवर बसून ते म्हणायचे, "फोटो दिसून राह्यला ना? मंग खाली अजून काय लिहाचं? लोकाइले डोळे नाईत का?"

अकरावीत गेल्यापासून असल्या बोलण्याचा स्वीटीवर काही परिणाम होत नव्हता. दहावीपर्यंत उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी ही पोरगी. यंदा गॅदरिंगच्या आदल्या दिवशी सूत्रसंचालन करणारी मुलगी आजारी पडली आणि ऐन वेळी बाईंनी समोर दिसली तिच्या, म्हणजे स्वीटीच्याच, हातात माईक दिला. समोरचे पोट्टे हसले. स्वीटीसुद्धा हसली. त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत तिने माईक सोडलाच नाही. मुख्याध्यापकांना दोनदा तो मागून घ्यावा लागला. त्या दिवसापासून तिची खात्री पटली होती, की जगात आपल्याला दुसरं काही येवो न येवो, शब्द आपल्या हाकेला धावत येतात.

"एवढी बोलतं, तर माह्या चटणीचं बोल थोडं," आई म्हणाली, आणि 'शालूबाईची चटणी' या इन्स्टाग्राम खात्याचा पासवर्ड तिच्या हवाली केला.

शालूबाईंच्या चटण्या तीन. जवसाची, कारळाची आणि तिळाची. चार वर्षांपासून त्या घरूनच विकत होत्या. अन्न नोंदणीचा नंबर रीतसर काढून बरणीच्या लेबलवर छापलेला होता. चव अशी, की भाकरीच्या आधी चटणी संपायची. पण खात्यावरचे फोटो मात्र असे, की बरणीला कोणी पोलीस ठाण्यात उभं केलंय असं वाटावं. स्वीटीने फोटो बदलले, शब्द घातले आणि बघता बघता वर्ध्यावरून, पुलगाववरून विचारणा यायला लागली.

रुपा मडावी भेटल्या त्या वर्ध्याच्या प्रदर्शनात. बचत गटांचं प्रदर्शन, मैदानात मंडप, आणि वाऱ्याने सगळ्यांचे कागद उडत होते. शालूबाईंच्या शेजारी रुपाकाकूंचा स्टॉल होता. काकू नाचणगावच्या. शिंप्यांकडे कापड बेतून झालं की उरतं ते कातरण त्या गोळा करत आणि तुकड्याला तुकडा जोडून पिशव्या, बटवे, पोटल्या शिवत. त्यांच्या ब्रँडचं नावच 'कातरण'. शालूबाईंच्या बरण्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग काही न विचारता उठल्या, रंगीत तुकडे घेतले आणि प्रत्येक झाकणावर एकेक टोपी बांधून टाकली.

"हे काय करून राह्यल्या जी?" शालूबाई म्हणाल्या.

"उघड्या डोक्याच्या बाया बऱ्या नाई दिसत," रुपाकाकू म्हणाल्या. "उन्हात बसवल्या तुम्ही त्याइले."

संध्याकाळपर्यंत बरण्या संपल्या. मंडपाबाहेर चहा पिताना दोघींनी ठरवून टाकलं, की एकदा मिळून काहीतरी करायचं.

ते 'काहीतरी' फेब्रुवारीत ठरलं. शेतातलं नवं जवस घरी आलं होतं. रुपाकाकूंना पुलगावच्या एका शिंप्याकडे निळ्या कापडाचं भरपूर कातरण मिळालं होतं. त्यांनी फोनवर सांगितलं, "शालूबाई, हा निळा जवसाच्या फुलाचा आहे. अगदी तोच. मी पोटली शिवते, तुम्ही आतमधे तीन छोट्या बरण्या ठेवा. निळं संपलं का आपलं संपलं." हिशेब जोडला तर पन्नास पोटल्या बसत होत्या. म्हणून संच पन्नासच. दोघींचं नाव, दोघींचा माल, किमतीत कोणाचा वाटा किती तेही तोंडी ठरलं. जाहिरात स्वीटीकडे.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्वीटी किराणा दुकानात वाढलेली. चालायला शिकली ती साबणाच्या खोक्यांना धरून. त्या दुकानात प्रत्येक वस्तूसोबत काहीतरी फ्री असायचं. चहापत्तीसोबत चमचा, साबणासोबत वाटी, डिटर्जंटसोबत बादली. बादलीसाठी डिटर्जंट नेणारी गिऱ्हाइकं तिने डोळ्यांनी पाहिलेली. बाबा कुठल्याही मालाचं वर्णन एकाच पद्धतीने करायचे, "हे घ्या, सोबत हे फ्री." तिच्या लेखी हे विक्रीचं व्याकरण होतं. त्यात काही चूक असू शकते हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

तर शनिवारी दुपारी शाळेतून आल्या आल्या तिने दप्तर फेकलं, काकूंनी पाठवलेल्या एका नमुना पोटलीचा फोटो काढला आणि एका दमात लिहिलं:

"नवं जवस आलंय आणि देवळी दरवळली आहे! शालूबाईच्या तीन चटण्या, जवस घरचं, हात घरचा, एकाच संचात. फक्त पन्नास! आणि हो, सोबत हाताने शिवलेली निळी पोटली एकदम फ्री! सोबतीला आहे नाचणगावचं कातरण. ऑर्डरसाठी मेसेज करा, नंबर बायोमध्ये. लवकर करा, नाहीतर रिकामी भाकरी खा!"

रिकामी भाकरी वाचून ती स्वतःच हसली. मग कोलॅबरेशनचं निमंत्रण 'कातरण'च्या खात्याला पाठवलं. म्हणजे काकूंनी ते स्वीकारलं, की पोस्ट दोघींच्या खात्यांवर दिसणार आणि वर दोघींची नावं येणार. काकूंना आधी वाचून दाखवावं, असं तिला वाटलं होतं का? वाटलं होतं. पण तेवढ्यात बाबा दुकानातून ओरडले, मैत्रिणीचा, मयुरीचा, फोन आला, आणि बोटाने 'शेअर' दाबून टाकलं.

संध्याकाळपर्यंत धमाल उडाली. चटणीच्या खात्यावर एवढे लाईक कधीच आले नव्हते. आठ-दहा ऑर्डरी आल्या. बहुतेकांनी खाली कमेंटमध्ये एकच विचारलं, "पोटली नक्की फ्री आहे ना?" स्वीटीने प्रत्येकाला निळा बदाम टाकून उत्तर दिलं, "एकदम!"

फक्त वर एकच नाव होतं. निमंत्रण तसंच पडून होतं.

"नेट नसेल काकूंकडे," ती आईला म्हणाली.

रविवारी सकाळी नेट असल्याचं कळलं. 'कातरण'च्या खात्यावर नवी पोस्ट आली होती. फोटोत पुढे पोटली, तिच्या टाक्यानटाक्यावर ऊन पडलेलं. मागे, ओळखू येईल न येईल अशी, शालूबाईंच्या चटणीची बरणी. खाली दोनच ओळी.

"कातरण, नाचणगाव. जवसाच्या फुलाच्या रंगाची हाताने शिवलेली पोटली, फक्त पन्नास. सोबत तीन चटण्या फ्री."

स्वीटीने ते दोनदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं, कारण आई कढईपाशी होती. जवस भाजणं चालू होतं आणि घरभर तडतड आवाज होता.

शालूबाईंनी गॅस बंद केला. "काय फ्री?"

"चटण्या."

"माह्या चटण्या?"

"तीनही."

शालूबाईंनी कपाळावरचा घाम पदराने पुसला. "अवं, काल दिवसभर मी हे भाजून राह्यली. डोळ्यात धूर, हाताले चटके. जवस आमच्या वावरातलं, कांडलं मी, भरलं मी. आणि फ्री? बरणी का आकाशातून पडली? असं कसं लिहिलं त्या बाईनं, काही वाटलं नाई तिले?"

हे बोलून त्या थांबल्या. हातातला झारा तसाच राहिला. मग त्यांनी स्वीटीकडे पाहिलं, आणि स्वीटीने जमिनीकडे.

"तू काय लिहिलं होतं, वाच बरं," आई म्हणाली.

"वाचलंयस तू."

"मी फोटो पाह्यला होता. वाच."

स्वीटीने वाचलं. कालचे तेच शब्द, पण 'एकदम फ्री'पाशी तिचा आवाज आपोआप खाली आला. बाबा दुकानातून मधल्या दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना सगळ्या भानगडीत भलतीच मजा वाटत होती.

"वा," ते म्हणाले. "पोटलीवाली म्हणते चटणी फ्री, चटणीवाली म्हणते पोटली फ्री. मंग तुम्ही दोघी पैसे कायचे घेऊन राह्यल्या?"

हाच प्रश्न एका ताईने काकूंच्या पोस्टखालीही टाकला होता. 'आधी ठरवा, मग सांगा.' त्याला साठ जणांनी हसरे चेहरे दिले होते.

आईने रुपाकाकूंना फोन लावला. पलीकडचा आवाज शांत होता. "पोटल्या शिवून झाल्या जी," रुपाकाकू म्हणाल्या. "सगळ्या. पण मी पाठवून नाई राह्यली. फ्रीचा माल बाजारात बहुत आहे, कुठूनही घ्या." आणि फोन ठेवला.

शालूबाई खुर्चीवर बसल्या. समोर ओट्यावर दीडशे छोट्या बरण्या उभ्या होत्या. अर्ध्या भरलेल्या. जवसाच्या चटणीला वास लागायला वेळ लागत नाही. ताजी असते तोवरच तिची मजा. पोटल्या नसल्या, तर बरण्या सुट्या विकता येतील, तेवढं काही आभाळ कोसळणार नव्हतं. पण शालूबाई बरण्यांचं नव्हत्याच बोलत.

"चार वर्षांत एक बाई भेटली होती मले, जिच्यासोबत काम करताना हसू येते," त्या म्हणाल्या. "स्वीटे, तू लिहिलं, तू जा. तिचं मन वळव. नाई वळलं, तर निदान तोंड दाखवून ये."

"तू नाही येणार?"

"मी आली तर आम्ही दोघी 'जाऊ द्या जी, जाऊ द्या जी' करू आणि मनात तसंच ठेवू. तू जा."

पुलगावच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तरी स्वीटीला बाहेरचं काही दिसलं नाही. ती वाक्यं तयार करत होती. 'काकू, माझा उद्देश तसा नव्हता.' भाषणासारखं वाटलं. 'काकू, फ्री लिहिलं की लोक थांबतात.' हे खरं होतं, पण माफी नव्हती. माईक हातात असता तर काहीतरी सुचलं असतं, असं तिला वाटलं. पुलगावला उतरून ऑटोने नाचणगावला पोचेपर्यंत हाकेला धावत येणारे सगळे शब्द कुठेतरी मागेच उतरून गेले.

रुपाकाकूंच्या ओसरीवर शिलाई मशीन होतं. बाजूच्या बाजेवर पन्नास निळ्या पोटल्या एकावर एक रचलेल्या. काकूंची सासू, जिजाआजी, त्यांच्या बंदात मणी ओवत बसली होती. स्वीटीला पाहून आजी सुनेला त्यांच्या घरच्या गोंडी बोलीत काहीतरी म्हणाली. स्वीटीला त्यातला फक्त एक शब्द कळला. तो होता 'फ्री'. त्यावर दोघी सासूसुना असं काही हसल्या, की स्वीटीचे कान तापले.

"बस," रुपाकाकू म्हणाल्या. "पाणी पी. पाणी फ्री आहे."

स्वीटी पाणी प्यायली. मग बसमधलं एकही वाक्य न वापरता म्हणाली, "काकू, चुकलं माझं."

"काय चुकलं, ते सांग. नुसतं चुकलं म्हटलं तर मले काय समजंल?"

"फ्री लिहायला नको होतं."

"काऊन? तुह्या पोस्टीले एवढे लोक आले, मी पाह्यलं ना. चांगलं लिहिलं तू. रिकामी भाकरी खा, हे वाचून मीही हसली. मंग?"

काकूंनी मशीनवरचं कापड बाजूला केलं.

"काल संध्याकाळी समोरची शालू आली होती. तुह्या आईच्याच नावाची आहे. तिनं दिवाळीले माह्याजवळून दोन पोटल्या नेल्या, पैसे देऊन. म्हणे, देवळीले फ्रीमधे वाटतं आणि शेजाऱ्याले पैसे लावतं? काय सांगू तिले? हे निळं कापड मी बसून निवडलं. हा रंग जवसाच्या फुलाचा आहे हे मले सुचलं. एका पोटलीले किती तुकडे, मोजून पाह्य. आणि वाचणाऱ्याले काय समजलं? का चटणीसोबत एक कापडाची पिशवी येते. चमच्यासारखी."

चमच्यासारखी म्हटल्यावर स्वीटीला बाबांचं दुकान आठवलं. चहापत्तीच्या पुड्याला टेपने चिकटवलेले ते चमचे. कोणी बनवले असतील, असं तिने त्यांच्याकडे बघून कधीच विचारलं नव्हतं.

"पहिले एका साडीच्या दुकानासाठी शिवत होती मी," काकू सांगत होत्या. "साडीसोबत पिशवी फ्री. दोन वर्षं शिवल्या. गावोगावी माह्या पिशव्या दिसत होत्या, आणि एकाही माणसाले माहीत नाई का त्या कोणं शिवल्या. म्हणून मी 'कातरण' काढलं. नाव टाकाले. समजलं का आता?"

"समजलं. पण काकू," स्वीटी म्हणाली, कारण शेवटी ती स्वीटी होती, "तुम्ही आमची चटणी फ्री लिहिली ना, तेव्हा आईला जेवढा राग आला, तेवढा कधीच येत नाही."

"आला का?"

"झारा हातात धरून बोलत होती. आणि मधेच गप्प झाली."

रुपाकाकूंनी हे जिजाआजीला त्यांच्या बोलीत सांगितलं. आजीने मणी खाली ठेवून मनसोक्त हसून घेतलं. काकूंच्या चेहऱ्यावरचं कालपासूनचं काहीतरी सैल पडलं.

"मले तेच पाहाचं होतं," त्या म्हणाल्या. "बोलून कोणाले समजत नाई. स्वतःची चीज फ्री झाली का समजते. बरं, आता काय करतं?"

"लिहिलेलं बदलता येतं. एडिट करते आत्ताच."

"खाली लोकांनी लिहिलं ते? त्यात तूच लिहिलं, एकदम. आणि निळे बदाम."

ते तर बदलता येणार नव्हतं. वरचं कॅप्शन सुधारलं तरी खाली 'फ्री आहे ना' आणि 'एकदम' ची रांग तशीच राहणार होती. स्वीटीने फोन हातात घेतला. चारशेच्या वर लाईक होते. मयुरीने ती पोस्ट तिच्या स्टोरीला लावली होती. शाळेतल्या बाईंनी 'शाब्बास' लिहिलं होतं. आयुष्यात आपलं लिहिलेलं एवढ्या लोकांनी वाचलं, आणि ते पुसायचं? काकू दोरा तोडत होत्या, पण डोळे फोनवर होते.

स्वीटीने तीन टिंबं दाबली आणि पोस्ट काढून टाकली.

"गेली?" काकूंनी विचारलं.

"गेली."

"मग माहीही काढते." त्यांनी आपला फोन घेतला. "माह्या पोस्टीले हसरे चेहरे जास्त आले होते, बरं. सांगून ठेवते."

पोस्ट गेली, पण ज्यांनी ऑर्डर दिल्या होत्या त्यांचं काय? हे काकूंनी विचारलं नाही, स्वीटीलाच सुचलं. तिने ओसरीवर बसून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली, आणि लावतानाच स्पीकर चालू केला. काकूंनी ऐकावं, असं तिला वाटलं.

पहिल्या होत्या वर्ध्याच्या एक काकू.

"काकू, एक दुरुस्ती सांगायची होती. त्या संचातली पोटली फ्री नाही."

"अगंबाई. म्हणजे वेगळे पैसे लागणार?"

"नाही, नाही. सांगितले तेवढेच. त्यात चटण्या पण आल्या आणि पोटली पण आली."

"मग फरक काय पडला?"

खरंच, फरक काय पडला होता? तीच पोटली, त्याच बरण्या, तेच पैसे. तिने बाजेवरच्या निळ्या ढिगाकडे पाहिलं.

"फरक एवढाच," ती सावकाश म्हणाली, "की तुम्ही जे पैसे देताय, त्यातले काही पोटलीचे आहेत. ती नाचणगावच्या रुपा मडावींनी शिवलीय. आधी मी लिहिलं होतं त्यावरून ते कळत नव्हतं. कळावं म्हणून फोन केला."

"बरं केलंस," त्या काकू म्हणाल्या. "मग त्यांना विचार, भाजीला न्यायची मोठी पिशवी शिवतात का."

रुपाकाकूंनी मान हलवली. स्वीटीने 'हो' सांगितलं.

बाकीचे फोनही असेच गेले. फक्त पुलगावचे एक अण्णाजी म्हणाले, "फ्री नाही? मग राहू दे." त्यांना पैसे तेवढेच आहेत हे स्वीटीने तीन प्रकारे समजावलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण फ्री नाही ना," आणि फोन ठेवला. रुपाकाकू या एका फोनवर इतक्या हसल्या, की त्यांना मशीनला टेकावं लागलं.

मग दोघी कॅप्शनला बसल्या. स्वीटी लिहायची, काकू ऐकायच्या, आणि मधेमधे बोट उचलायच्या.

"नवं जवस आलंय आणि देवळी दरवळली आहे," स्वीटीने सुरुवात केली.

"नाचणगावले वास नाई येत का?"

"'शालूबाईची चटणी' आणि 'कातरण' घेऊन येत आहेत..."

"'घेऊन येत आहेत' म्हणजे? मोर्चा आहे का? 'मिळून केलं' लिही. आणि पोस्ट तू तुमच्या खात्यावरून टाकशील ना?"

"हो. म्हणजे वर आईचं नाव आधी दिसेल, मग तुमचं. ते तसंच येतं, बदलता नाही येत."

"मंग खाली माहं आधी लिही. बरोबर होते."

स्वीटीने लिहिलं. ते अगदीच न्यायाचं होतं. कुठे मिळेल, यावर मात्र थोडी गाडी अडली. स्वीटीचं म्हणणं, सगळ्या ऑर्डरी एकाच नंबरवर घेऊ, गोंधळ नको. काकूंचं म्हणणं, नाचणगावच्या बाईने चटणीसाठी देवळीला कायले फोन करावा? शेवटी पोटल्यांची वाटणी ठरली. अर्धे संच देवळीला राहणार, अर्धे नाचणगावला. ज्याला जे जवळ पडेल तिथून त्याने न्यावं, आणि बाहेरगावच्यांनी व्हॉट्सअ‍ॅप करावं. कॅप्शनमध्ये लिंक टाकली तर ती दाबून उघडत नाही, हे स्वीटीने सांगितलं, म्हणून दोन्ही फोन नंबर आकड्यांत लिहायचे ठरले. आईला फोन करून वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बनवल्याची तारीख बरणीवर आहे, ते लिहिलं का?" तेही घातलं.

अखेर जे तयार झालं, ते असं:

"नवं जवस आणि निळं कातरण, दोन्ही एकदाच आलं, म्हणून हे मिळून केलं.

पोटली: रुपा मडावी, 'कातरण', नाचणगाव. शिंप्याकडे उरलेल्या तुकड्यांतून निवडून, जवसाच्या फुलाचा रंग जुळवून, हाताने जोडलेली. दोन पोटल्या सारख्या सापडणार नाहीत.

चटण्या: 'शालूबाईची चटणी', देवळी. जवस, कारळ, तीळ. जवस घरच्या शेतातलं. बनवल्याची तारीख बरणीवर आहे, ताजी खा.

पन्नासच संच, कारण निळं तेवढंच होतं. किंमत दोघींच्या कामाची आहे.

कुठे मिळेल: देवळीला शालूबाईंच्या घरी, किराणा दुकानामागे. नाचणगावला रुपाबाईंच्या ओसरीवर. दुसऱ्या गावाला हवं असेल तर खालच्या दोनपैकी कुठल्याही नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा. पोटली किंवा चटणी वेगळी हवी असेल तर जिची तिलाच विचारा."

त्याखाली दोन नंबर आणि दोन्ही खात्यांची नावं. एकही उद्गारचिन्ह नव्हतं. स्वीटीला थोडं उघडं-उघडं वाटलं, पण वाचलं तर सगळं कळत होतं. फोटोही नवा काढला. पोटली आणि काकूंकडे मापासाठी आलेल्या तीन बरण्या एका ओळीत, कोणीच मागे नाही. 'शेअर' दाबण्याआधी तिने फोन काकूंच्या हातात दिला. काकूंनी ओळीवरून बोट फिरवत सगळं वाचलं, वर जाऊन पुन्हा एकदा वाचलं, आणि म्हणाल्या, "टाक."

पोस्ट गेली. निमंत्रण गेलं. रुपाकाकूंच्या फोनवर टिंग वाजलं. त्यांनी चष्मा नीट केला आणि 'स्वीकारा' दाबलं. स्वीटीने स्वतःच्या फोनवर पाहिलं. वर दोन्ही नावं होती.

तिला वाटलं होतं, आपण उडी मारू. तसं काही झालं नाही. तिने फक्त बाजेवरच्या पंचवीस पोटल्या मोजून दोन पिशव्यांत भरल्या, देवळीच्या वाट्याच्या. संध्याकाळची बस गाठायची होती. आईने दोनदा फोन करून विचारलं होतं, "हसली का ती?" स्वीटीने सांगितलं होतं, "हो, अण्णाजींवर."

ती चपला घालत होती, तेवढ्यात पोस्टखाली पहिली कमेंट आली. 'पोटली एकटी मिळेल का? किती पैसे?'

स्वीटीचं बोट सवयीने उठलं. उत्तर तयारच होतं, निळ्या बदामासकट. पण ती वळून म्हणाली, "काकू, तुमच्यासाठी आहे."

रुपाकाकू ओसरीच्या कडेला बसल्या आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहायला लागल्या. जिजाआजी वाकून बघत होती. बराच वेळ लागला. मग उत्तर दिसलं, स्वीटीच्या फोनवरही: 'मिळेल. दीडशे रुपये. मी शिवते. येजा.'

स्वीटीला त्या 'येजा'चं 'नक्की या' करावंसं वाटलं, 'ताई' घालावंसं वाटलं, एखादं फूल तरी. तिने फोन खिशात ठेवला आणि पिशव्या उचलल्या.